सात महिन्यांच्या अंतराने दोन सीटी काढले: फुफ्फुसातली गाठ खरंच वाढली का, हे कसं ठरवायचं

"डॉक्टर, आधी 8 मिमी होती, आता 11 आलीय, म्हणजे वाढली ना?" हा प्रश्न नातेवाईक विचारतात तसाच बरेचदा फिजिशियनसुद्धा फोनवर विचारतात, आणि दोघंही एकच गोष्ट करत असतात, दोन रिपोर्टमधले दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी. तुलना स्कॅनची करायची असते, रिपोर्टची नाही. दोन वेगळ्या सेंटरला, दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पद्धतीने घेतलेली मापं एकमेकांतून वजा करून काही कळत नाही.

हा लेख मुख्यतः रिपोर्टिंग शिकणाऱ्या रेसिडेंट्ससाठी आणि जे डॉक्टर स्वतः सीडी लावून बघतात त्यांच्यासाठी आहे. घरच्यांना पहिली पायरी वाचली तरी पुरे, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. 62 वर्षांच्या एक काकू, खोकल्यासाठी 12 जानेवारी 2024 ला छातीचा सीटी, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात घट्ट, म्हणजे सॉलिड नोड्यूल, रिपोर्टमध्ये 8 मिमी. 12 ऑगस्ट 2024 ला दुसऱ्या सेंटरला सीटी, रिपोर्टमध्ये 11 मिमी. मधले दिवस 213. आधी कॅन्सर नाही, कुठलाही उपचार चालू नाही.

## पायरी 1: दोन्ही स्कॅनचा पूर्ण डेटा हातात घ्या

पूर्ण डेटा म्हणजे डायकॉम फाइल्स. सीडी, पेनड्राइव्ह किंवा सेंटरची लिंक, काहीही चालेल. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो मात्र मापासाठी चालत नाही. फिल्मवर एका शीटमध्ये वीस-तीस चित्रं लहान करून छापलेली असतात, फोटो तिरका निघतो, वर व्हॉट्सॅप तो आणखी दाबतं. गाठ आहे का नाही एवढं त्यात कदाचित दिसेल, पण 2 मिमीचा फरक नाहीच दिसणार.

सीडी लावली की आधी मोजायला घेऊ नका, तिच्यात कुठल्या सिरीज आहेत ते बघा. रेडिअँट, होरोस, वीसिस यातलं कुठलंही व्ह्यूअर चालतं. प्रत्येक सिरीजच्या डायकॉम माहितीत जाऊन एवढंच लिहून घ्या:

```
Study Date
Slice Thickness
Convolution Kernel
Pixel Spacing
```

बऱ्याच सेंटरला सीडीवर फक्त 5 मिमीच्या जाड स्लाइसची सिरीज टाकतात, कारण जागा कमी लागते आणि फिल्म त्यावरूनच छापायची असते. 1 किंवा 1.25 मिमीची पातळ सिरीज त्यांच्या पॅक्सवर, म्हणजे स्कॅन साठवायच्या सर्व्हरवर असते, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. तर मागा. आणि लगेच मागा, कारण मशीनवरचा कच्चा डेटा थोड्याच दिवसांत पुसला जातो, नंतर पातळ स्लाइस नव्याने बनवताच येत नाहीत.

काकूंच्या बाबतीत जानेवारीच्या सीडीवर 5 मिमीचीच सिरीज होती. मुलाने सेंटरला जाऊन विचारल्यावर पॅक्सवर 1.25 मिमीची सिरीज सापडली. ऑगस्टच्या सीडीवर 1 मिमीची होतीच.

घरच्यांनी एवढं करा: जुनी सीडी टाकू नका, त्यावर तारीख लिहून ठेवा, आणि नवीन सीटीच्या दिवशी रिपोर्ट बनायच्या *आधी* ती रेडिऑलॉजिस्टकडे पोचवा. रिपोर्ट हातात आल्यावर "हे जुनं पण बघा" म्हटलं तर घाईत फक्त जुना आकडा उचलला जातो.

## पायरी 2: हे दोन स्कॅन तुलना करण्याजोगे आहेत का ते तपासा

स्लाइसची जाडी सगळ्यात आधी. 9 मिमीची गोल गाठ 5 मिमीच्या स्लाइसमध्ये फार तर दोन-तीन चित्रांत येते. स्लाइस गाठीच्या बरोबर मधून गेली तर माप ठीक येतं, पण काठाजवळून गेली तर त्या चित्रात गाठ आणि भोवतालची हवा यांची सरासरी होते, कडा पुसट होतात आणि गाठ लहान वाटते. म्हणजे गाठ तीच, पेशंट तोच, फक्त टेबल दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी माप बदलू शकतं. म्हणून पातळ विरुद्ध पातळ हीच तुलना.

जुनी पातळ सिरीज कुठेच मिळाली नाही तर उलटं करा. नवीन पातळ सिरीज व्ह्यूअरमध्ये 5 मिमी जाड करून जुन्याच्या पातळीवर आणा. जाडी वाढवताना मोड `Average` ठेवा. `MIP` ठेवलात तर सगळ्यात उजळ बिंदूच उचलले जातात, शेजारची रक्तवाहिनी गाठीला चिकटते आणि गाठ फुगलेली दिसते. या मार्गाने फार मोठा फरक कळेल, बारीक नाही कळणार, आणि तसं रिपोर्टमध्ये लिहायचं.

दुसरं कर्नल, म्हणजे कच्च्या डेटातून चित्र बनवायचं सेटिंग. फुफ्फुसासाठीचं धारदार कर्नल कडा ठळक करतं, मऊ कर्नल त्या पसरवतं. एकीकडे धारदार आणि दुसरीकडे मऊ असं घेऊ नका. वेगवेगळ्या कंपनीच्या मशीनवर कर्नलची नावं जुळत नाहीत, तेव्हा नावाच्या मागे न लागता चित्र शेजारी ठेवून धार सारखी वाटते का ते बघा.

तिसरा श्वास, आणि हा हमखास विसरला जातो. पेशंटने एकदा छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा अर्धाच घेतला तर फुफ्फुस दाटतं आणि गाठीची जागा, आकार, घनता सगळंच थोडं बदलतं. धुरकट, म्हणजे काचेसारख्या अर्धपारदर्शक गाठीत हे जास्त जाणवतं. ओळखायचं कसं? श्वासनलिकेची मागची भिंत बघा. पूर्ण श्वासात ती मागे फुगलेली किंवा सरळ असते, श्वास सोडलेला असेल तर आत, पुढच्या बाजूला वाकते.

तपासणी: जाडी, कर्नल, श्वास यातलं एक जरी जुळत नसेल तरी पुढे जाता येतं, पण कागदावर आत्ताच नोंद करा. शेवटी आकडा सीमेवर आला की हीच नोंद निर्णय फिरवते.

## पायरी 3: आधी खात्री करा की गाठ तीच आहे

ऐकायला बाळबोध वाटेल, पण ज्या फुफ्फुसात चार-पाच बारीक गाठी आहेत तिथे शेजारची गाठ मोजली जाणं अजिबात दुर्मिळ नाही. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग वरच्या भागात असणारे पेशंट भरपूर, त्यांच्यात तर नक्कीच.

स्लाइस नंबरवरून शोधू नका. जानेवारीतली 84 नंबरची स्लाइस आणि ऑगस्टमधली 84 नंबरची यांचा काही संबंध नसतो, स्कॅन कुठून सुरू केला त्यावर ते अवलंबून. दोन्ही स्कॅन शेजारी उघडून आधी श्वासनलिका दुभागते ती जागा दोन्हीकडे आणा, तिथे स्क्रोल लिंक करा, मग गाठीपर्यंत जा. गाठीत शिरणारी किंवा तिला घासून जाणारी रक्तवाहिनी, जवळची श्वासनलिकेची फांदी, आणि फिशरपासूनचं अंतर, या तीन खुणा जुळल्या की गाठ तीच. काकूंच्या गाठीच्या आतल्या बाजूला एक रक्तवाहिनी दोन फाट्यांत फुटत होती, दोन्ही स्कॅनमध्ये तशीच, त्यामुळे शंका राहिली नाही.

## पायरी 4: दोन्ही स्कॅन तुम्ही स्वतः, एकाच बैठकीत मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो.

जुन्या रिपोर्टमधला आकडा वापरायचा नाही. जुना स्कॅन पुन्हा मोजायचा, त्याच माणसाने, त्याच स्क्रीनवर, नवीनच्या शेजारी ठेवून. माणूस बदलला की माप बदलतं, आणि एकाच माणसाने तीच छोटी गाठ दोनदा मोजली तरी दीडेक मिमी इकडेतिकडे होऊ शकतं. निदान पहिलं कारण तरी आपण काढून टाकतो.

विंडो दोन्हीकडे लंग विंडोच, रुंदी 1500 आणि पातळी −600 च्या आसपास, आणि दोन्हीकडे आकडे हुबेहूब सारखे. मेडियास्टायनल विंडोमध्ये त्याच गाठीच्या पातळ कडा काळ्या होऊन गायब होतात आणि गाठ लहान दिसते. धुरकट गाठ तर तिथे पूर्णच नाहीशी होऊ शकते.

मग ज्या स्लाइसवर गाठ सगळ्यात मोठी दिसते ती निवडा. त्यावर लांबात लांब माप घ्या, त्याच स्लाइसवर त्याला काटकोनात जास्तीत जास्त रुंदी घ्या, दोघांची सरासरी काढा आणि जवळच्या पूर्ण मिलिमीटरला आणा. फ्लाइशनर सोसायटीच्या 2017 च्या सूचनांमध्ये छोट्या गाठींसाठी हीच पद्धत आहे. कडेचे काटेरी धागे मापात धरायचे नाहीत, शेजारची रक्तवाहिनी तर नाहीच. गाठ उभ्या दिशेने लांबट असेल तर कोरोनल किंवा सॅजिटल प्रतलावर मोजलं तरी चालतं, फक्त दोन्ही स्कॅनमध्ये तेच प्रतल.

व्ह्यूअर 9.37 मिमी असे दशांश दाखवतं, त्याने भुलू नका. 350 मिमीचं फील्ड 512 पिक्सेलमध्ये वाटलं की एक पिक्सेल जवळपास 0.68 मिमी होतो. त्यापेक्षा बारीक अचूकता चित्रातच नाही, मग आकड्यात कुठून येणार.

आता काकूंचं माप:

| | जानेवारी, 1.25 मिमी | ऑगस्ट, 1 मिमी |
|---|---|---|
| लांबी | 10.4 | 10.7 |
| रुंदी | 7.8 | 7.9 |
| सरासरी | 9.1, म्हणजे 9 | 9.3, म्हणजे 9 |

मग 8 आणि 11 आले कुठून? जानेवारीचं माप 5 मिमीच्या स्लाइसवर, मेडियास्टायनल विंडोमध्ये घेतलं होतं, म्हणून लहान आलं. ऑगस्टमध्ये पातळ स्लाइसवर फक्त लांबी घेतली, 10.7, ती पूर्ण करून 11. कुणीच खोटं लिहिलेलं नाही, दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर होती, फक्त ती एकमेकांतून वजा करण्यासाठी नव्हती.

सावधान: मोजताना जुना आकडा डोळ्यासमोर असला की हात आपोआप त्या दिशेने कॅलिपर ओढतो. शक्य असेल तर दोन्ही स्कॅन मोजून होईपर्यंत जुने रिपोर्ट उघडूच नका.

## पायरी 5: फरक खरा की मापातली चूक, ते ठरवा

सरासरी मापात 2 मिमी किंवा त्याहून जास्त वाढ असेल तरच ती वाढ धरायची. 1 मिमीचा फरक म्हणजे "बदल नाही". सॉफ्टवेअरने घनफळ मोजत असाल तर सीमा 25 टक्के, पण दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच व्हर्जनमध्ये मोजलेले हवेत, आणि सॉफ्टवेअरने गाठीची कड नीट पकडलीय का, रक्तवाहिनी सोबत ओढली नाही ना, हे डोळ्यांनी बघायलाच हवं.

लोक 2 मिमी म्हटलं की "एवढंसंच तर आहे" म्हणतात. 8 मिमीची गोल गाठ 10 मिमी झाली तर तिचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं, कारण घनफळ व्यासाच्या घनात वाढतं.

वाढ खरी ठरली तरच पुढचा हिशोब करायचा, घनफळ दुप्पट व्हायला किती दिवस लागले त्याचा:

```
VDT = दिवस × 0.693 ÷ (3 × ln(नवीन माप ÷ जुनं माप))
```

काकूंच्या रिपोर्टमधले आकडे यात घातले, 8, 11 आणि 213 दिवस, तर उत्तर येतं साधारण 155 दिवस. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत 400 दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ पुढच्या तपासणीला, बायोप्सीला पाठवायची आहे. म्हणजे या दोन आकड्यांवर भरवसा ठेवला असता तर काकूंच्या छातीत सुई गेली असती, तीही न वाढलेल्या गाठीसाठी. नीट मोजल्यावर 9 आणि 9, तिथे हे सूत्र लावायचा प्रश्नच येत नाही.

तेच खरं माप 9 वरून 11 झालं असतं तर? उत्तर साधारण 245 दिवस, आणि मग नुसतं थांबून चाललं नसतं.

हे करू नका: 9 वरून 10 अशा फरकावर सूत्र चालवणं. उत्तर येतं, अगदी गंभीर चेहऱ्याने येतं, 467 दिवस, पण आत भरलेला फरकच मापातल्या चुकीएवढा आहे, त्यामुळे बाहेर येणारा आकडा निरर्थक.

## पायरी 6: आकार तोच, पण गाठ तीच राहिली का?

माप बदललं नाही म्हणजे गाठ बदलली नाही असं नाही. अर्धी धुरकट, अर्धी घट्ट अशी गाठ असेल तर घट्ट भाग वेगळा मोजा. एकूण 14 मिमी दोन्हीकडे सारखी, पण आतला घट्ट भाग 3 वरून 6 झाला, तर ती वाढ आहे, बाहेरचा आकडा काहीही म्हणो. पूर्ण धुरकट गाठ जास्त दाट झाली तरी तेच. श्वासाची नोंद इथे कामाला येते, दुसरा स्कॅन अर्ध्या श्वासात असेल तर ती दाटी खोटीही असू शकते.

लहान होण्याबद्दलही तसंच. घट्ट गाठ अँटिबायोटिकनंतर विरघळली तर बहुतेक संसर्ग होता, ठीक. पण धुरकट गाठ आक्रसून लहान आणि त्याच वेळी दाट झाली तर आनंदाने फाइल बंद करू नका, काही कॅन्सर आतून जखडल्यासारखे होऊन मधल्या काळात लहान दिसतात.

आणि वाढली म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. काही आठवड्यांत दुप्पट झालेली गाठ संसर्गाकडे जास्त झुकते. टीबीची गाठसुद्धा वाढू शकते, उपचार सुरू असतानासुद्धा. स्कॅन सांगतो वाढली का आणि किती वेगाने. कशाची आहे ते बायोप्सी सांगते.

## पायरी 7: फक्त मागच्या नाही, सगळ्यात जुन्या स्कॅनशी पण लावा

समजा एक गाठ दरवर्षी मोजली, 7, मग 8, मग 9, मग 10. प्रत्येक रिपोर्टमध्ये मागच्याशी तुलना करून लिहिलं "बदल नाही", कारण फरक 1 मिमी. चारही रिपोर्ट नियमाने बरोबर आणि तरी 7 ची 10 झाली. हळू वाढणाऱ्या गाठी अशाच निसटतात. म्हणून जुन्यात जुना स्कॅन उघडायचाच. कधी कधी पोटाच्या सीटीत वरच्या दोन-चार स्लाइसमध्ये फुफ्फुसाचा खालचा भाग आलेला असतो, गाठ खाली असेल तर तोही फुकटचा जुना स्कॅन समजा.

माहीत असलेल्या कॅन्सरवर केमो वगैरे चालू असेल तर मात्र नियम वेगळे. तिथे वर सांगितलेला 2 मिमीचा नियम लावू नका, बहुतेक ठिकाणी रेसिस्ट 1.1 वापरतात. त्यात ठरवलेल्या गाठींची फक्त लांबी घेऊन बेरीज करतात, लिम्फ नोडची मात्र रुंदी. कमी झालं का हे पहिल्या स्कॅनशी ताडतात, 30 टक्के घट हवी. पण वाढलं का हे आत्तापर्यंतच्या *सगळ्यात कमी* बेरजेशी ताडतात, 20 टक्के वाढ आणि शिवाय किमान 5 मिमी. बेरीज 40 होती, उपचाराने 24 झाली, आता 30 आहे. सुरुवातीशी लावली तर "अजून कमीच आहे की" वाटतं, पण 24 वरून 30 म्हणजे 25 टक्के आणि 6 मिमी, म्हणजे आजार वाढलाय. ही चूक झाली तर निकामी झालेलं औषध आणखी दोन-तीन सायकल चालू राहतं.

## पायरी 8: रिपोर्टमध्ये काय लिहायचं

"मागच्या तुलनेत किंचित वाढ" हे वाक्य लिहू नका, त्यावरून समोरच्या डॉक्टरला काही ठरवता येत नाही. कुठल्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली, दोन्हीकडे स्लाइस किती जाड, दोन्ही मापं आत्ता पुन्हा घेतली की नाही, आणि निष्कर्ष वाढ, घट की स्थिर, हे स्पष्ट हवं. जुना स्कॅन मिळाला नाही आणि फक्त कागदावरचा आकडा होता, तर तेही लिहा.

काकूंच्या रिपोर्टला पुरवणी गेली ती साधारण अशी: 12 जानेवारी 2024 च्या 1.25 मिमी स्लाइसशी थेट तुलना, दोन्ही स्कॅन लंग विंडोमध्ये पुन्हा मोजले, उजव्या वरच्या भागातली घट्ट गाठ तेव्हा 10 × 8, आता 11 × 8, सरासरी दोन्ही वेळा 9 मिमी, 213 दिवसांत लक्षणीय बदल नाही, आधीच्या रिपोर्टमधला 8 मिमीचा आकडा 5 मिमी स्लाइसवरचा असल्याने तुलनेला घेऊ नये.

स्थिर निघाली तरी काकूंची सुटका इथेच होत नाही. घट्ट गाठ दोन वर्षं स्थिर राहिली की सहसा पाठपुरावा थांबवतात, धुरकट गाठीला पाच वर्षं लागतात कारण ती फार सावकाश वाढते. काकूंची गाठ 8 मिमीपेक्षा मोठी, त्यामुळे पेट सीटी करायचा की नुसतं लक्ष ठेवायचं हे छातीच्या डॉक्टरांनी धूम्रपान, घरातला इतिहास, गाठीच्या कडा बघून ठरवायचं. लक्ष ठेवायचं ठरलं तर पुढचा स्कॅन पहिल्या स्कॅनपासून 18 ते 24 महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे जुलै 2025 ते जानेवारी 2026 मध्ये, शक्यतो ऑगस्टच्याच सेंटरला, 1 मिमी स्लाइस, कमी डोस, कॉन्ट्रास्टशिवाय. नुसती गाठ मोजायला कॉन्ट्रास्ट लागत नाही. चिठ्ठीवर हे सगळं लिहून द्या, नाहीतर काउंटरवर "सीटी चेस्ट" एवढंच टाइप होतं आणि पुन्हा 5 मिमीची सीडी हातात येते.